राहिलेलं वेगळं, विसरलेलं वेगळं

"दर रविवारी आढावा घेते, तरी तीच तीच कामं पुढच्या आठवड्यात सरकतात. काय चुकतंय?"

राहिलेली आणि विसरलेली कामं तुम्ही एकच समजत असाल. माझाच मागचा आठवडा सांगतो. १४ कामं ठरवली होती, त्यातली ९ झाली, ५ राहिली. याशिवाय २ साफ विसरलो.

राहिलेल्यांचं कारण सरळ होतं. मध्येच ६ न ठरवलेली कामं उपटली. ती यादीत नसल्यामुळे आढाव्यात दिसायचीच नाहीत आणि मी उगाच स्वतःला आळशी ठरवायचो. आता तीही लिहून ठेवतो. या आठवड्यात ९च कामं घेतली आणि गुरुवारची दुपार मोकळी सोडली.

विसरलेली दोन्ही कामं बोलता बोलता कबूल केलेली, कुठेच न लिहिलेली. अशी कामं यादी कितीही वाचली तरी सापडत नाहीत. त्यासाठी गेल्या ७ दिवसांचं कॅलेंडर आणि पाठवलेले मेसेज चाळावे लागतात. फार तर १० मिनिटं जातात. (तिथेच कुणाला तरी उत्तर लिहायला बसलात की आढावा संपलाच म्हणून समजा.)

तिसऱ्यांदा सरकलेलं काम मात्र तसंच पुढे नेऊ नका. माझ्याकडे 'कागदपत्रं लावणे' महिनाभर लोंबकळत होतं, कारण सुरुवात कुठून करायची तेच त्यात नव्हतं. 'मंगळवारी रात्री अर्धा तास, फक्त विम्याचे कागद एका फाइलीत' असं लिहिलं आणि झालं. बाकीचे कागद सरळ यादीतून काढून टाकले, अजून कुणी मागितलेले नाहीत.