पीआयपीचा पहिला मेल: धीर द्यायचा की स्पष्ट सांगायचं?

फेज दोनवाला
टीममधल्या एका मुलाला सोमवारी पीआयपीचा पहिला मेल पाठवायचाय. प्रॉडक्शन सपोर्ट, अकरा जणांची टीम, तो तीन वर्षं आहे, स्वभावाने चांगला. पण जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्याकडच्या ४२ तिकिटांपैकी १५ वर ठरलेल्या ४ तासांत पहिला अपडेटच गेला नाही, बाकीच्यांचं हे दोन-तीनच्या वर जात नाही, शिवाय रात्रपाळीचा हँडओव्हर तीनदा लिहिलाच नव्हता. मेल इंग्रजीत जाईल, इथे मराठीत टाकतोय:

"गेली तीन वर्षं तू टीमसाठी खूप केलंस, त्याबद्दल मनापासून आभार. मात्र अलीकडे काही बाबतींत सुधारणेला वाव आहे असं वाटतं. म्हणून पुढचे ६० दिवस आपण मिळून एका प्लॅनवर काम करूया. काळजी करू नकोस, ही फक्त एक प्रोसेस आहे. मी तुझ्यासोबत आहे."

त्याला धक्का बसू नये पण गांभीर्यही कळावं. जमलंय का?

डिलिव्हरीकडचा
नाही जमलं. यात पीआयपी हा शब्दच नाही, नोकरीचं काय होऊ शकतं ते नाही, एक आकडा नाही. माझं म्हणणं, आभार बिभार सगळं काढून टाका, "सोबत आहे" तर आधी काढा. उद्या प्रकरण लेबर ऑफिसात गेलं तर तोच मेल पुढे करून तो म्हणेल की मॅनेजरने लेखी सांगितलं होतं काळजी करू नको. फक्त डेटा, तारीख आणि परिणाम लिहा. धीर द्यायचा तर चहाला नेऊन द्या, लेखी नको.

नाशिककर
मला २०१८ साली जवळपास असाच मेल आला होता म्हणून लिहितोय. "आपण मिळून", "डेव्हलपमेंट", "तुझ्या ग्रोथसाठी" असं सगळं होतं आणि मला खरंच वाटलं की ट्रेनिंग लावतायत. घरी बायकोला तसंच सांगितलं, त्याच महिन्यात आम्ही घराचं बुकिंग केलं. दर आठवड्याच्या मीटिंगमध्ये मॅनेजर गोड बोलायचा, मी पण निवांत. शेवटच्या आठवड्यात एचआर मीटिंगला आली तेव्हा कळलं की हे नोकरीचं चाललंय. मी कामात कमी पडत होतो हे मला आजही मान्य आहे, पण पहिल्याच दिवशी कोणी सरळ सांगितलं असतं तर मी ते बुकिंग केलं नसतं, आणि कदाचित कामही वेगळं केलं असतं. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त ते वाक्य बोलवत नव्हतं.

मिरजेची
सरळ सांगते, पीआयपी आला म्हणजे बॅग भरायची वेळ झाली. साठ दिवस आहेत ना हातात, आजच रेझ्युमे अपडेट करा, नोटीस पिरियड किती आहे बघा आणि राजीनामा आपणहून द्या, म्हणजे रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळतं.

फेज दोनवाला
ताई, पीआयपी मला नाही आलाय, मी देतोय.

मिरजेची
अच्छा, मी उलटं वाचलं. पण मग हेही लक्षात घ्या की घेणारा पहिल्यांदा हेच समजतो जे मी समजले. तुमचा मेल वाचून तो सुधारायला नाही बसणार, नोकरी शोधायला बसेल.

एचआरमध्ये वीस वर्षं
सावकाश लिहिते, कारण असे मेल मी खूप तपासलेत, आणि बिघडतात ते बहुतेक दोनच ठिकाणी.

पहिलं, धीर कुठे आहे. धीर शब्दांत दाखवला तर तो अपेक्षा पुसून टाकतो, आणि कामात दाखवला तर अपेक्षेला बळ देतो. "मी तुझ्यासोबत आहे" याला काही वजन नाही. "दर मंगळवारी ११ ते ११:३० आपण बसू, ती वेळ मी माझ्या कॅलेंडरमध्ये अडवली आहे, पहिले तीन आठवडे तुझी रात्रपाळी दुसऱ्याला दिली आहे, हँडओव्हर कसा लिहायचा ते एक सीनियर दोन शिफ्ट तुझ्या शेजारी बसून दाखवेल" याला वजन आहे. डिलिव्हरीकडच्यांचं अर्धं बरोबर आहे, "काळजी करू नकोस" आणि "फक्त प्रोसेस" हे काढायलाच हवं, कारण ते खरं नाही. पण मदतीचं सगळंच काढलंत तर उद्या वाद झाला तेव्हा पहिला प्रश्न हाच येतो की सुधारायला संधी दिली म्हणता ती कोणती? पीआयपी असं काही कायद्यात लिहिलेलं नाही, ते कंपनीचं अंतर्गत काम आहे, त्यामुळे संधी खरी होती की नुसता कागद होता हेच बघितलं जातं.

दुसरं, आकडा. ते १५ तुम्ही स्वतः उघडून पाहिलेत का, की डॅशबोर्डवरून उचललेत? पहिल्या मेलमधली एक जरी घटना चुकीची निघाली तरी पुढचे साठ दिवस त्या एका घटनेवर भांडण चालतं आणि कामाचं बाजूला राहतं. तिकीट त्याच्याकडे कधी आलं, शिफ्ट संपल्यावर तर नाही ना आलं, क्लायंटकडून ॲक्सेस यायचा असताना पेंडिंगला टाकलं तर घड्याळ थांबतं का, हे बघा आणि मग लिहा.

डिलिव्हरीकडचा
डॅशबोर्ड सगळ्यांना सारखाच लागू आहे की. बाकी दहा जणांचे दोन-तीनच जातात म्हणजे घड्याळ ठीकच असणार.

एचआरमध्ये वीस वर्षं
सगळ्यांना सारखी शिफ्ट असेल तर.

फेज दोनवाला
दोन तास बसून सगळी १५ उघडली. घड्याळ पेंडिंगला थांबतं, ते ठीक निघालं. पण ४ तिकिटं त्याची शिफ्ट संपायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी त्याच्या नावावर पडलीत आणि पुढच्या शिफ्टमधल्याने उचलली नाहीत, तो नेहमी सकाळी सहाला सुटणाऱ्या पाळीत असतो त्यामुळे हे त्याच्याच वाट्याला येतं. म्हणजे खरी ११. तरी जास्तच आहेत, पण १५ लिहून पाठवले असते तर पहिल्या मीटिंगमध्ये तो ती चारच दाखवत बसला असता, आणि खरं तर त्याचं बरोबर असतं.

आता असं लिहिलंय:

"आज ३ वाजता आपण बोललो ते लेखी देत आहे. तुला १५ सप्टेंबर ते १३ नोव्हेंबर परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅनवर घेतलं आहे. जुलै आणि ऑगस्टमध्ये तुझ्या ४२ पैकी ११ तिकिटांवर ४ तासांत पहिला अपडेट गेला नाही. नंबर खाली दिले आहेत. शिफ्ट संपताना आलेली ४ मी यात धरलेली नाहीत. ९ जुलै, २ ऑगस्ट आणि २१ ऑगस्टच्या रात्रपाळीचा हँडओव्हर लिहिलेला नव्हता, त्यातल्या २१ तारखेला सकाळच्या टीमने बंद पडलेला जॉब दोन तास उशिरा पाहिला.

१३ नोव्हेंबरपर्यंत दोन गोष्टी हव्यात: कोणत्याही चार आठवड्यांत दोनपेक्षा जास्त पहिले अपडेट उशिरा नकोत, आणि प्रत्येक शिफ्टचा हँडओव्हर शिफ्ट संपायच्या आत लिहिलेला हवा. हे टीममधल्या सगळ्यांना आहे तेच मोजमाप आहे, तुझ्यासाठी वेगळं नाही. हे जमलं नाही तर तुझी नोकरी संपू शकते. जमलं तर प्लॅन बंद होईल आणि तसं लेखी देईन."

मग मंगळवारच्या मीटिंग, रात्रपाळी आणि सीनियरचं, जसं ताईंनी म्हटलं तसं, मी दोघांशी बोलून ठरवलंय. शेवटी: "या आकड्यांत काही चुकीचं वाटत असेल तर शुक्रवारपर्यंत लिहून पाठव, मी तपासेन. 'मेल मिळाला' एवढं उत्तर दे, त्याचा अर्थ तुला सगळं मान्य आहे असा होत नाही."

एचआरमध्ये वीस वर्षं
हा पाठवण्यासारखा आहे. पाठवायच्या आधी तुमच्या एचआरला दाखवा. आणि एक राहिलं, मध्ये दिवाळी येतेय का बघा. त्याने सुट्टी घेतली किंवा आजारी पडला तर तेवढे दिवस पुढे ढकलले जातील हे आत्ताच लिहा, नाहीतर शेवटच्या आठवड्यात त्यावरून वाद होतो. आणि आधी समोर बसून सांगा, मग त्याच दिवशी मेल. शुक्रवारी संध्याकाळी तर अजिबात नको, दोन दिवस तो प्रश्न कुणाला विचारणार?

डिलिव्हरीकडचा
खूप सुधारलाय, मान्य. मदतीचं असं लिहिलं तर माझी हरकत नाही, कारण ती सिद्ध करता येते. पण "नोकरी संपू शकते" यातलं "शकते" मला खटकतं. माणूस त्या एका शब्दाला धरून बसतो. "संपेल" लिहा ना.

एचआरमध्ये वीस वर्षं
"संपेल" लिहिलंत म्हणजे आजच ठरवलंय असा अर्थ निघतो. आणि समजा त्याचे दोनऐवजी तीन उशिरा गेले, बाकी सगळं उत्तम, तर तुम्ही खरंच काढणार का? नसाल तर जे करणार नाही ते लिहू नका.

डिलिव्हरीकडचा
मग मोजमाप दोन कशाला ठेवलं? तीन ठेवा आणि "संपेल" लिहा. माझ्या अनुभवात "शकते" वाचलेल्यातले निम्मे ते ऐकतच नाहीत.

नाशिककर
मला तर "शकते" असतं तरी चाललं असतं. नोकरी हा शब्द तिथे असायला हवा होता. माझ्या मेलमध्ये "पुढील योग्य ती कारवाई" असं होतं, आणि त्याचा अर्थ मी इन्क्रीमेंट कमी मिळेल असा लावला होता.

मिरजेची
एक विचारू? फेज दोनवाले, तुमच्या वरच्यांनी त्याच्या जागी दुसरा माणूस बघायला सुरुवात केलीय का? कारण तसं असेल तर "जमलं तर प्लॅन बंद होईल" हे वाक्य तुम्ही कसं लिहिणार?

फेज दोनवाला
रिक्वायरमेंट उघडलेली नाही. पण मागच्या आठवड्यात डिरेक्टर म्हणाले की "नोव्हेंबरनंतर बघू, जागा रिकामी होईल असं धरून चाल". मी तेव्हा काही बोललो नाही. आता ते वाक्य लिहिताना हात अडतोय.

एचआरमध्ये वीस वर्षं
मग मेल अडवा. आधी त्यांच्याकडून लेखी घ्या की दोन्ही गोष्टी जमल्या तर तो राहील. ते नाही म्हणाले तर हा पीआयपी नाहीच, सरळ बोलून नोटीस पगार देऊन मोकळं करणं त्याच्यासाठी बरं, निदान साठ रात्री तरी वाचतील.

डिलिव्हरीकडचा
इथे मी सहमत नाही. डिरेक्टर बोलतात तसं, दोन महिन्यांत मुलगा चांगला चालला की तेच विसरतात, मी दोनदा पाहिलंय. संधी मिळतेय तर घेऊ द्या त्याला. लेखी मागायला गेलात तर ते आजच नाही म्हणतील आणि त्याची ती संधीही जाईल.

नाशिककर
हे दोन्ही मला पटतंय आणि काय बरोबर ते कळत नाही. मला संधी दिली असती तर मी घेतली असती, पण जागा आधीच गेलीय हे नंतर कळलं असतं तर मी त्या मॅनेजरला कधीच माफ केलं नसतं.

फेज दोनवाला
सोमवारचं रद्द केलं. उद्या सकाळी दहाला डिरेक्टरकडे जातोय, ती ४ तिकिटंही दाखवतो. लेखी मागणार आहे. नाही म्हणाले तर काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही.