बक्षिसाच्या लिंकखाली चारचौघांत एक ओळ लिहावी, की गुपचूप ॲडमिनला सांगावं?

मेघना, दांडिया बाजार
आमच्या बडोद्याच्या गणेश मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चारशेच्या आसपास माणसं आहेत. परवा रात्री पावणेदहाला एका अनोळखी नंबरवरून लिंक आली. रावपुऱ्यातल्या एका जुन्या सराफाच्या पेढीला पन्नास वर्षं झाली म्हणून चांदीचं नाणं, चक्र फिरवा आणि जिंका. मी लगेच खाली लिहिलं: "चांदीच्या नाण्याची लिंक उघडू नका, पुढे पाठवू नका, नंबर-ओटीपी देऊ नका, फसवणूक वाटते." सकाळी मंडळातल्या एका ज्येष्ठ काकांचा फोन आला. म्हणाले, असं सगळ्यांसमोर लिहायचं नसतं, ॲडमिनला सांगायचं. माझं चुकलं का?

श्रीकांत, वाडी
मला काकांचं म्हणणं पटतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रक्तदान शिबिराचा फॉर्म आला होता. अगदी खरा. एका मुलाने खाली "फ्रॉड आहे" एवढंच लिहिलं आणि पंधरा मिनिटांत सात-आठ जणांनी त्याचीच री ओढली. शिबिराचं काम बघणाऱ्या बाई पुढे दोन दिवस घरोघरी फोन करत होत्या. त्या फॉर्मवर जेवढी नावं यायला हवी होती त्याच्या निम्मीही आली नाहीत. एका ओळीला पुरावा लागत नाही आणि ती वाऱ्यासारखी पसरते, हे तिचं वाईट आहे. शिवाय लिंक धरून उत्तर दिलं की ती जुनी लिंक परत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येते. ॲडमिनला सर्वांसाठी मेसेज काढून टाकता येतो. ज्याचं काम त्याला करू द्यावं.

वैशाली, कारेलीबाग
मेघना, तुझं चुकलं नाही. मी बँकेत फसवणुकीच्या तक्रारी बघते. ही चक्रवाली पानं वेगळ्या फोनवर उघडून शेवटपर्यंत बघितली आहेत, म्हणून आधी ती आतून कशी असतात ते सांगते.

चक्र पहिल्यांदा फिरवलं की "थोडक्यात हुकलं, अजून एक संधी" येतं. दुसऱ्यांदा नाणं लागतंच, कोणालाही लागतं. मग एक हिरवी पट्टी येते: पाच ग्रुपना किंवा वीस जणांना पाठवा, पट्टी भरली की नाणं घरपोच. तुम्ही खरंच पाठवलंत की नाही हे त्या पानाला कळत नाही. बटण किती वेळा दाबलं एवढंच ते मोजतं. मी न पाठवता नुसतं दाबत गेले, तरी पट्टी भरली. खाली "मला मिळालं, धन्यवाद" असं लिहिणारे चेहरे दिसतात तेही पानातच रंगवलेले असतात. पट्टी भरल्यावर मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतात, नाहीतर "नाणं कुठपर्यंत आलं ते बघा" म्हणून एक ॲप उतरवायला लावतात.

म्हणजे हे पान माणसांच्या हातांनी पसरतं. रात्री पावणेदहाला कोणीतरी सतराव्या माणसाला पाठवत असतं आणि ॲडमिन झोपलेला असतो. त्या माणसाला तेव्हा थांबवायला ग्रुपवरची ती एक ओळच हाताशी असते. ॲडमिनला सांगायचं तर सांगावंच, पण तेवढ्यावर थांबू नये.

श्रीकांतभाऊंची एक गोष्ट मात्र मान्य. लिंक धरून उत्तर देऊ नये, लिंक परत चिकटवूही नये. सुटी ओळ लिहावी आणि आमिषाचं नाव घ्यावं, जसं तू "चांदीच्या नाण्याची" म्हटलंस. नुसतं "वरची लिंक" लिहिलं आणि ॲडमिनने मूळ मेसेज काढला, तर सकाळी ग्रुप उघडणाऱ्याला कशाबद्दल चाललंय तेच कळत नाही.

अभिजित, अलकापुरी
मी तर म्हणेन ओळ अजून कडक हवी. "लिंकला हात लावलात की खातं रिकामं" असं लिहा, लोक घाबरले तरच ऐकतात. आणि सोबत हेही सांगा की पत्त्यापुढे कुलुपाचं चिन्ह नसेल तर साइट खोटी.

वैशाली, कारेलीबाग
अभिजित, कुलुपाचा अर्थ एवढाच की तुझ्या फोनपासून त्या साइटपर्यंतची वाट बंदिस्त आहे. पलीकडे कोण बसलंय हे कुलूप सांगत नाही, आणि ते फुकट मिळतं. मी बघितलेल्या बहुतेक खोट्या पानांवर कुलूप होतं. त्यापेक्षा पत्ता वाचायला शीक. `https://` नंतर जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडे काय आहे ते बघ. या लिंकमध्ये सुरुवातीला सराफाचं नाव, मग टिंब, मग भलतीच अक्षरं आणि शेवटी `.top` असेल, तर ती जागा त्या भलत्या अक्षरांची झाली. सराफाचं नाव नुसतं पुढे लावलेलं, ते कोणीही लावू शकतं. २०२२ च्या दिवाळीच्या सुमारास सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने सणाच्या बक्षिसांच्या अशाच लिंकांबद्दल इशारा दिला होता, त्यात `.cn`, `.top`, `.xyz` अशी शेपटं होती. पण `.com` आहे म्हणून सोडून देऊ नका.

आणि "हात लावला की खातं रिकामं" हे खरंही नाही, त्याने नुकसानही होतं. पान नुसतं उघडून परत आलेल्याचे पैसे सहसा जात नाहीत. ओटीपी दिला, यूपीआयचा पिन टाकला किंवा ॲप उतरवून त्याला मेसेज वाचायची परवानगी दिली, की जातात. उघडून बसलेल्या माणसाने तुझी ओळ वाचली तर त्याला वाटेल आता सगळं संपलंच, आणि तो गप्प बसेल.

निर्मला काकू, राजमहाल रोड
मला इथे विचारायचं होतं की गेलेले पैसे कसे मिळवायचे. विषय वेगळा असेल तर माफ करा. मागच्या दिवाळीत मी अशाच मिठाईच्या डब्याच्या बक्षिसाला भुलले. ॲप उतरवलं, "मेसेज वाचू द्या" आलं तिथे होय केलं. रात्री खात्यातून साडेअकरा हजार गेले. आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर त्याच लिंकखाली कोणीतरी लिहिलं होतं, "अशा लिंकला मूर्खच भुलतात." ते वाचल्यावर मी मुलालासुद्धा सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा त्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. तक्रार नोंदली गेली, पैसे अजून आलेले नाहीत.

वैशाली, कारेलीबाग
काकू, माफी कसली? तुम्ही तर नेमकं मुद्द्याचंच सांगितलंत. १९३० ला फोन पहिल्या तासा-दोन तासांत गेला, तर पैसे पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता बरी असते. तिसऱ्या दिवसापर्यंत ते तीन-चार खाती फिरून बाहेर निघालेले असतात. तक्रारीचा क्रमांक घेऊन cybercrime.gov.in वर काय झालं ते मुलाला बघायला सांगा आणि बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्या. पैसे मिळतीलच असं मी म्हणणार नाही. ते ॲप अजून फोनमध्ये असेल तर आजच काढा. चिन्ह दिसत नसेल तरी सेटिंगमधल्या ॲपच्या यादीत शोधा, अशी ॲपं स्वतःचं चिन्ह लपवतात.

मंदार, दांडिया बाजार
मी मेघनाताईंच्या त्याच ग्रुपचा ॲडमिन. मूळ मेसेज मी सकाळी सात दहाला काढला, त्याआधी पाहिलाच नव्हता. साडेसात ते नऊमध्ये मला तिघांनी वेगवेगळे मेसेज केले. दोघांनी रात्री लिंक उघडली होती आणि ताईंची ओळ वाचून पुढे पाठवणं थांबवलं. तिसऱ्याने ओळ वाचली नव्हती, त्याने मेहुण्यांच्या ग्रुपवर टाकली होती.

अजून एक. त्या नंबरला मी काढून टाकलं, तर अकराला त्यांचाच फोन आला. वारसियाकडे राहणाऱ्या एक गुजराती बेन, पन्नाशीच्या. मांडवासमोरच्या फलकावर आम्ही ग्रुपचा क्यूआर लावला आहे, तो स्कॅन करून आरतीच्या वेळेसाठी त्या आत आल्या होत्या. त्यांनी स्वतः चक्र फिरवलं होतं आणि पट्टी भरायला पाचवा ग्रुप म्हणून आमचा निवडला. रडत होत्या. नंबर दिला होता, ओटीपी दिला नव्हता.

श्रीकांत, वाडी
हेच मी सांगत होतो. समजा मेघनाने "हा नंबर चोर आहे" असं लिहिलं असतं तर?

मेघना, दांडिया बाजार
पण मी तसं लिहिलं नाही ना, दादा. माणसाबद्दल एक अक्षर नाही त्यात. त्या बेनना वाचता आलं असतं तर त्याही थांबल्या असत्या. आता वाटतं, खाली गुजरातीतही लिहायला हवं होतं, "चांदीना सिक्कानी लिंक खोलशो नहीं." ग्रुपवर तीसेक गुजराती घरं आहेत.

अभिजित, अलकापुरी
माझं कुलूप चुकलं, मान्य. पण "वाटते" हा शब्द मला अजूनही पटत नाही. त्यानेच लोक म्हणतात, हिला वाटतंय, बघू तर खरं.

वैशाली, कारेलीबाग
"उघडू नका, पाठवू नका" ठाम असू दे, त्याला खात्रीची वाट बघायची गरज नाही. एक रात्र न उघडल्याने खरं नाणंही कोणाचं बुडत नाही. "फसवणूक आहे" एवढं मात्र विचारल्याशिवाय म्हणू नये. दुकान उघडलं की स्वतःकडच्या पावतीवरच्या नंबरला फोन करायचा, लिंकमध्ये दिलेल्या नंबरला कधीच नाही, आणि जे कळेल ते दुसऱ्या ओळीत लिहायचं. श्रीकांतभाऊंच्या रक्तदानाच्या फॉर्मखाली "रक्तपेढीला विचारेपर्यंत थांबा" असं लिहिलं असतं आणि संध्याकाळी "विचारलं, खरा आहे" आलं असतं, तर त्या बाईंना इतके फोन करावे लागले नसते.

मंदार, पुढच्या वेळी काढण्याआधी मेसेज दाबून धर आणि रिपोर्ट कर, स्क्रीनशॉटही ठेव. कोणाचे पैसे गेले नसले तरी दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर चक्षू नावाची सोय आहे, तिथे असा मेसेज कळवता येतो, तिथे तो स्क्रीनशॉट लागतो.

श्रीकांत, वाडी
दुसरी ओळ येणार असेल तर माझा निम्मा विरोध मावळला. उरलेला निम्मा असा की ती दुसरी ओळ कोणी लिहीत नाही. पहिली लिहिणारे दहा, दुकानात विचारणारा एखादाच.

मेघना, दांडिया बाजार
आज साडेदहाला मी पेढीवर जाऊनच आले. मालक म्हणाले, कसली योजना नाही, कालपासून चौघं नाणं मागायला येऊन गेले. दुसरी ओळ मराठीत आणि गुजरातीत टाकली आहे. काकांनाही सांगितलं. ते म्हणाले, ओळ ठीक आहे, पण तो क्यूआर फलकावरून आधी काढा.

मंदार, दांडिया बाजार
क्यूआर काढला तर नव्या माणसांना आरतीच्या वेळा कळवायच्या कशा? ॲडमिनच्या मंजुरीनेच आत येता येईल असं करता येतं, पण त्या बेनना तरी मी कशाच्या आधारावर नाही म्हटलं असतं?