आठच टोन हवेत, मग अख्खं एफएफटी कशाला?

निखिल: फोनच्या बटणांचे टोन (डीटीएमएफ) ओळखायचेत. सेकंदाला ८००० सॅम्पल, २०५ चा ब्लॉक, चिप एटीमेगा३२८पी. मित्र म्हणतो गोर्टझेल वापर, एफएफटीपेक्षा क्रिया कमी लागतात. आठ टोनांनाही हे खरं आहे का?

ऋतुजा: शंभर टक्के खरं. एका टोनला दर सॅम्पलमागे एक गुणाकार आणि दोन बेरजा, एवढाच कारभार. आठ टोन गुणिले २०५ म्हणजे १६४० गुणाकार. २५६ चं एफएफटी घेतलंस तर १०२४ बटरफ्लाय, प्रत्येकात चार गुणाकार, म्हणजे ४०९६. अडीचपट! वाद कसला?

जोशीकाका: ऋतुजा, तू एफएफटीला जड पोत्यासकट शर्यतीत उतरवलंस. ते ४०९६ कॉम्प्लेक्स इनपुटचे. माइकमधून येणारं सिग्नल रिअल असतं, त्यामुळे काम जवळपास निम्म्यावर येतं. शिवाय १ आणि j ने केलेले फुकटचे गुणाकार वगळून स्प्लिट-रॅडिक्सने नीट लिहिलं, तर २५६ ला ६४२ गुणाकार आणि २४३६ बेरजा पुरतात. तुझ्या १६४० गुणाकारांना ३२८० बेरजाही जोड. म्हणजे आठ टोनांना नुसत्या क्रिया मोजल्या तर एफएफटीच जिंकतं. एकदोन टोनांना गोर्टझेल बिनविरोध, तीनला गुणाकारांत जवळपास बरोबरी, आठला नाही.

तरी मी इथे गोर्टझेलच वापरेन. या चिपची रॅम २ केबी. २५६ चं कॉम्प्लेक्स बफर १६ बिटांत ठेवलं तर अर्धी रॅम तिथेच गेली. गोर्टझेलला प्रत्येक टोनमागे दोन जुन्या किमती लागतात, बस. आणि सॅम्पल आलं की लगेच पचवता येतं. दोन सॅम्पलांमध्ये १२५ मायक्रोसेकंद असतात, १६ मेगाहर्ट्झला २००० सायकल. ब्लॉक भरेपर्यंत हात बांधून बसायचं आणि मग एकदम धावायचं, असं होत नाही.

ऋतुजा: म्हणजे उत्तर माझंच, कारण तुमचं.

जोशीकाका: कारण चुकलं की पुढच्या प्रोजेक्टात उत्तरही चुकतं. आणखी एक. २०५ हा आकडा उगाच नाही. त्यात एक बिन ३९ हर्ट्झचा पडतो आणि आठही टोन बिनच्या मध्याजवळ येतात. २५६ ला बिन ३१.२५ चा, ७७० हर्ट्झ येतो २४.६४ वर, म्हणजे दोन बिनांत विभागला जातो. गोर्टझेलला ब्लॉक दोनच्या घातातला असण्याची गरज नाही. तो थेट ७७० वरही बसवता येतो.

सारंग: माझा तानपुरा-ट्यूनर यावरच करावा म्हणतोय. षड्ज कुठे लागलाय ते गोर्टझेल सांगेल का?

जोशीकाका: नाही हो. तो फक्त 'या जागी आहे का?' एवढंच विचारतो. तुमचा प्रश्न 'कुठे आहे?' असा आहे. जागाच माहीत नसेल तर शेकडो गोर्टझेल लावावे लागतील. तुम्ही एफएफटीकडे किंवा ऑटोकोरिलेशनकडे जा.

निखिल: कोड लिहिला. गंमत अशी, हळू आवाजात सगळं ठीक. आवाज वाढवला की १ आणि ४ चुकतात, ७ आणि ० मात्र बरोबर! एडीसी १० बिट, त्यातून ५१२ वजा करतो. मोठ्या आवाजात प्रत्येक टोन साधारण ±१९० पर्यंत जातो.

```c
int16_t s0 = x + (int16_t)(((int32_t)c * s1) >> 14) - s2;
s2 = s1;
s1 = s0;   // 697 Hz: c = 27980
```

जोशीकाका: ओव्हरफ्लो. हे रिकर्शन म्हणजे घर्षण नसलेला झोपाळा. त्याच्याच लयीत ढकलत राहिलास तर झोका वाढतच जातो. २०५ सॅम्पलनंतर किंमत आवाजाच्या २०५ / (2 sin ω) पट होते. ६९७ ला ती १९७ पट, ७७० ला १८०, ८५२ ला १६५, ९४१ ला १५२. आता १९० ने गुण: सुमारे ३७,४००, ३४,२००, ३१,४०० आणि २८,९००. int16 ची हद्द ३२,७६७. पहिल्या दोन ओळी बाहेर, खालच्या दोन आत. म्हणून १ आणि ४ गेले, ७ आणि ० वाचले. x चे खालचे दोन बिट काढून टाक.

ऋतुजा: दोन बिट टाकले तर लांबून येणारा बारीक टोन बुडेल. s1, s2 ला int32 करा ना.

जोशीकाका: या चिपला ८ बिटांचाच गुणाकार येतो. आठ टोनांना ३२ बिटांचे गुणाकार दर सॅम्पलला? त्या २००० सायकलींतून बाकीच्या कामाला किती उरतील ते मोजून सांग.

ऋतुजा: मोजते. उरले तर मात्र तुम्ही कबूल करायचं.

निखिल: तोवर बिट काढून बघतो. १ आणि ४ आता लागतायत. बारीक आवाजाचं रात्री तपासेन, घरात आत्ता कुकर चालू आहे.