मदत हवी आहे: मुक्तिवेग ११.२, मग १०.३ च्या वेगानं निघालेलं चांद्रयान-३ चंद्रापर्यंत गेलं कसं?

दहावीची_आई

नमस्कार. मुलगी दहावीत आहे. विज्ञानाच्या पहिल्याच धड्यात मुक्तिवेगाचं गणित आहे, पृथ्वीसाठी उत्तर सेकंदाला ११.२ किमी. ते तिनं सोडवलं. मग मामानं शिकवलेल्या सूत्रानं चांद्रयान-३ चा वेग काढायला बसली. १४ जुलै २०२३ ला एलव्हीएम३ रॉकेटनं यान सोडलं, तेव्हा कक्षेचं जवळचं टोक जमिनीपासून १७० किमीवर होतं आणि लांबचं सुमारे ३६,५०० किमीवर. जवळच्या टोकाला वेग येतो सेकंदाला १०.३ किमी.

म्हणजे रॉकेटनं मुक्तिवेग गाठलाच नाही. ती विचारते, "मग यान चंद्रावर पोचलं कसं? आणि गाठायची गरज नसेल, तर रॉकेटचा वेग मुक्तिवेगावरून ठरतो असं का म्हणतात?" मी कॉमर्सची, मला सांगता आलं नाही. तिचं गणित चुकलंय का?

वाटसरू७२

ताई, गणित बरोबर असेल. मुक्तिवेग हा फेकलेल्या दगडासाठी असतो. दगडाला हात सुटल्यावर कोणी ढकलत नाही, रॉकेटचं इंजिन मात्र चालू असतं. इंजिन चालू ठेवलं तर ताशी ५० किमीनं सुद्धा हळूहळू पृथ्वीबाहेर जाता येईल. त्यामुळे रॉकेटला मुक्तिवेग लागूच होत नाही. विषय संपला.

निवृत्त_प्रोपल्शन

वाटसरू, अर्धं बरोबर आहे. इंजिन चालू असेपर्यंत वेग कितीही असू शकतो, हे खरं. पण ताशी ५० किमीचा हिशेब करून पाहा. रॉकेट नुसतं हवेत टेकवून धरायलाही दर सेकंदाला ९.८ मीटर वेगाएवढं इंधन जळतं. ताशी ५० नं १७० किमी चढायला ३ तास २४ मिनिटं लागतील, म्हणजे १२,२४० सेकंद. तेवढ्या वेळात जे इंधन जळेल, त्यानं एरवी सेकंदाला १२० किमी वेग मिळाला असता. एवढं इंधन घेऊन उडणारं रॉकेट कोणी बांधू शकत नाही. एलव्हीएम३ नं चांद्रयानाला सुमारे १६ मिनिटांत कक्षेत सोडलं. जड रॉकेट फार वेळ ओढीशी झुंजत ठेवायचं नसतं.

आणि इंजिन कधीतरी बंद होणारच. त्या क्षणापासून यानही दगडच. तेव्हा ते जिथे असेल तिथला मुक्तिवेग त्याच्याकडे आहे का, एवढंच बघायचं. ११.२ हा जमिनीलगतचा आकडा आहे. १७० किमी उंचीवर तो ११.०३ होतो, चंद्राएवढ्या अंतरावर फक्त १.४४.

बाटली_रॉकेट

आमच्या शाळेत आम्ही पाण्याच्या बाटलीची रॉकेटं उडवतो. सायकलच्या पंपानं हवा भरतो, साधारण ३० मीटर उंच जातात. मुक्तिवेगासाठी किती दाब लागेल ते सांगाल का? मुलं नेहमी विचारतात.

निवृत्त_प्रोपल्शन

सर, दाब कितीही वाढवलात तरी ते होणार नाही. बाटलीतून पाणी सेकंदाला काही दहा मीटर वेगानं बाहेर पडतं. एलव्हीएम३ च्या क्रायोजेनिक इंजिनातून वायू सेकंदाला ४ किमीहून जास्त वेगानं. पण तुमच्या ३० मीटरवरूनच ताईंच्या मुलीला ११.२ समजावता येईल.

३० मीटर चढायला किती वेग लागला?

```
v² = 2gh = 2 × 9.8 × 30 = 588
v ≈ 24 m/s
```

आता उंची वाढवत न्या. पृथ्वीची ओढ सगळीकडे सारखीच असती, तर अनंतापर्यंत जायला अनंत वेग लागला असता आणि मुक्तिवेग नावाची गोष्टच नसती. पण अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई होते. अनंतापर्यंतच्या या घटत्या ओढीची सगळी बेरीज केली, तर ती जमिनीवरच्या पूर्ण ओढीविरुद्ध बरोबर एक पृथ्वीत्रिज्या चढण्याएवढी भरते. म्हणून h च्या जागी ३० ऐवजी ६३,७८,००० मीटर घाला. उत्तर येतं सेकंदाला सुमारे ११,१८० मीटर. मी हे पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसलो होतो.

दहावीची_आई

तिनं लगेच करून पाहिलं, जमलं. पण चांद्रयानाचं कोडं तसंच आहे.

निवृत्त_प्रोपल्शन

त्याकडेच येतोय. मुक्तिवेग हा परत कधीच न येण्याचा दर आहे. चंद्र अनंतावर नाही, पृथ्वीच्याच ओढीत फिरतो. तिथवर जायला थोडं कमी चालतं.

रॉकेटनं सोडल्यावर यानानं स्वतःचं छोटं इंजिन पृथ्वीजवळून जाताना पुन्हा पुन्हा चालवलं. मुलीच्याच सूत्रानं जवळच्या टोकाचे वेग काढा. सुरुवातीला १०.२८, लांबचं टोक ३६,५०० किमी. २५ जुलैच्या प्रज्वलनानंतर १०.७२, लांबचं टोक १,२७,६०० किमी. १ ऑगस्टला १०.८४ झाला आणि लांबचं टोक गेलं ३,६९,३०० किमीवर. त्या वेळी जवळचं टोक २८८ किमी उंचीवर होतं, तिथला मुक्तिवेग १०.९४. म्हणजे चंद्राकडे निघतानाही यान मुक्तिवेगाच्या सेकंदाला १०० मीटर खाली होतं.

शेवटच्या दोन पायऱ्या बघा. वेग जेमतेम ०.१२ नं वाढला आणि लांबचं टोक जवळपास तिप्पट दूर गेलं. अजून ०.१ घातला की ते अनंतावर. मुक्तिवेग हे असं टोक आहे. त्याच्या जवळ गेलं की थोड्याशा वेगातही फार मोठा फरक पडतो. म्हणून तिथे इंजिन किती सेकंद चालवायचं ते फार काटेकोर मोजतात.

वाटसरू७२

मग चांद्रयानानं पृथ्वी सोडली असं म्हणणंच चूक? बातम्यांत तर "पृथ्वीचा निरोप" असंच होतं.

निवृत्त_प्रोपल्शन

पृथ्वीभोवतीची जुनी कक्षा सोडली, एवढं खरं. खरोखर सुटलं ते मंगळयान. १ डिसेंबर २०१३ ला त्याचं इंजिन सुमारे २२ मिनिटं चाललं, वेगात सेकंदाला ६४८ मीटरची भर पडली आणि तो ११.४ च्या आसपास गेला. मंगळासाठी नुसता मुक्तिवेगही पुरत नाही. बरोबर तेवढाच असता, तर पृथ्वीपासून दूर जाता जाता वेग शून्याकडे गेला असता आणि यान पृथ्वीसारखंच सूर्याभोवती फिरत राहिलं असतं.

दहावीची_आई

तिचे आणखी दोन प्रश्न. चंद्र तिथे नसताच तर यान परत आलं असतं का? आणि इंजिन प्रत्येक वेळी पृथ्वीजवळच का चालवलं, लांबच्या टोकाला का नाही?

निवृत्त_प्रोपल्शन

हो, परत आलं असतं. त्या कक्षेची एक फेरी साधारण साडेनऊ दिवसांची. जायला त्याच्या निम्मे दिवस, म्हणून १ ऑगस्टला निघालेलं यान ५ ऑगस्टला चंद्राच्या कक्षेत शिरलं.

दुसऱ्यासाठी तिला एक गोष्ट करायला सांगा. सेकंदाला १०० मीटरची भर १०.७ च्या वेगात घाला आणि मग १ च्या वेगात. वरच्या v² = 2gh मध्ये उंची वेगाच्या वर्गावरच ठरली होती, म्हणून दोन्हीकडे वेगाचा वर्ग कितीनं वाढला ते ताडून बघा.

बाटली_रॉकेट

पण चंद्र तर तिथे आहेच. नेम चुकून यान त्याच्या जवळून नुसतं निघून गेलं असतं, तर त्याच्या ओढीनं वाट बदलली नसती का? साडेनऊ दिवसांनी ते त्याच कक्षेतून परत येईल हे मला पटत नाही.

निवृत्त_प्रोपल्शन

बदलली असती. मी चंद्र नसता असं धरूनच साडेनऊ म्हटलं. चंद्राच्या पुढून गेलं तर वेग कमी होईल, मागून गेलं तर वाढेल, आणि वाढला तर ते मुक्तिवेगाच्या वरही जाऊ शकतं. नेमकं काय झालं असतं ते किती अंतरावरून गेलं त्यावर अवलंबून. कागदावर सुटणारं नाही, संगणकावर पायरीपायरीनं काढावं लागेल.

दहावीची_आई

वर्ग करून झाले. पहिल्यात वाढ २.१५, दुसऱ्यात ०.२१. ती म्हणते, "दहापट!" आता मामाला फोन लावून बसलीय.