मदत हवी आहे: भाट्ये पुलावर टिकणारी छत्री कोणती? की रेनकोटच घ्यावा?

काजळीकाठ: मी भाट्येहून रोज पूल चालत ओलांडून रत्नागिरीत कामाला जाते. पुलावर समुद्राकडून वारा थेट अंगावर येतो. गेल्या पावसाळ्यात तीन घडीच्या दोन छत्र्यांचा कावळा झाला. दोन्ही वेळा काडी घडीच्या सांध्यातच तुटली, कापड मात्र शाबूत होतं. हातात डबा आणि कागदपत्रं असतात. काय घेऊ?

नाना_मिरकरवाडा: दहा काड्यांची घ्या. काड्या जास्त तेवढी छत्री भक्कम. सन, स्टॅग, पॉपी, नाव बघून घेतलीत की झालं.

छत्रीदुरुस्ती: नाना, लांब दांड्याच्या छत्रीत तुमचं बरोबर. घडीच्या छत्रीत मात्र काडी वाढली की सांधेही वाढतात, आणि मोडतो तो सांधाच. खाऱ्या हवेत रिव्हेट आधी गंजते, मग एका झोतात काडी सुटते. ताई, बिनघडीची लांब छत्री घ्या, फायबरच्या काड्यांची. पोलादी पन्हाळीची काडी वाकली की तिथेच दुमडते, फायबरची वाकून परत सरळ होते. दुकानात लोहचुंबक न्या. पुष्कळ छत्र्यांत बाहेरचा अर्धा भागच फायबरचा असतो, आतल्या टेकूच्या काड्या लोखंडी. चुंबक कुठे चिकटतो ते बघा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत हा फरक निघतो, म्हणून नावावर जाऊ नका. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुऊन उघडी वाळवा आणि सांध्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडा.

पावस_स्कूटर: मी स्कूटरवर जातो. पँटवाला रेनकोट घ्या, मांडीवर पाणी साचत नाही.

काजळीकाठ: दादा, मी चालत जाते. पण रेनकोटचं विचारायचंच होतं. माझ्या जुन्या रेनकोटचं आतलं अस्तर चिकट होऊन पापुद्रे सुटले.

छत्रीदुरुस्ती: तो पॉलिएस्टरवरचा पीयूचा थर. ओला घडी करून पिशवीत राहिला की थर सुटतो. नवा घेताना उलटा करून शिवणी बघा. शिवणीवर आतून पट्टी नसेल तर सुईच्या भोकांतून खांद्यावर पाणी येणारच, कापड कितीही चांगलं असो. पीव्हीसीचा शिवण न घालता चिकटवलेला असेल तर गळत नाही, पण चालताना आतून घामाने भिजाल.

नाना_मिरकरवाडा: चुंबकाचं मला ठाऊक नव्हतं. घरच्या छत्रीला लावला, सगळीकडे चिकटला.

काजळीकाठ: शनिवारी चुंबक घेऊन बाजारात जाते. दुहेरी कापडाची, मधून वारा सुटणारी छत्री कुणी पुलावर वापरली आहे का? आडव्या पावसात त्या फटीतून पाणी आत येतं का, तेवढं सांगा.