स्वप्नात गाय, देव, जनावर दिसलं तर तुमच्याकडे काय अर्थ लावतात? (अनुभव धागा)

गिरगावची_मीनल

नमस्कार मंडळी. स्वप्नात देव, गाय, साप, हत्ती असं काही दिसलं तर तुमच्या घरी त्याचा काय अर्थ लावला, कोणी लावला आणि त्यावर पुढे काय केलं, हे इथे लिहा. श्रद्धा की अंधश्रद्धा हा वाद कृपया दुसरीकडे घाला. मला घरोघरी चालत आलेलं हवंय, आणि ग्रंथांतलं कोणाला ठाऊक असेल तर तेही.

विचारायचं कारण सांगते. आईला पहाटे स्वप्न पडलं. काळीभोर गाय चाळीचा जिना चढून वर आली, आमच्या दारात उभी राहिली आणि आत बघत राहिली. शिंगांना हळद लावलेली होती, एवढं आईला स्पष्ट आठवतंय. मोठी काकू म्हणाली, काळं जनावर दाराशी आलं, लक्षण बरं नाही. शेजारच्या आजी म्हणाल्या, गाय म्हणजे लक्ष्मी, ओटी भर. बाबांची बायपास ठरली आहे, त्यामुळे आईच्या मनाने काकूचंच धरलं. धड जेवत नाहीये. तुमचे अनुभव वाचून दाखवीन तिला.

परळचा_मालवणी

ताई, पहाटेचं स्वप्न खरं होतं हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. आणि काळ्या रंगाचं काहीही दिसलं तर वाईटच, असं माझी आजी म्हणायची. तुमच्या काकू चुकीचं बोलल्या असं मला वाटत नाही. पण आमच्याकडे नुसत्या स्वप्नावर कोणी थांबत नाही.

माझ्या वडिलांना गावचा देव स्वप्नात आला होता. देवळाच्या पायरीवर बसलेला, पाठमोरा. आमच्यात देव पाठमोरा दिसला की तो रागावलाय, त्याचं काहीतरी द्यायचं राहिलंय, असं मानतात. वडील मिलमधून सुट्टी काढून गावी गेले. गुरवाने कौल लावला. देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतात, दोन्ही बाजूंना, आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पहिला प्रश्न विचारला, "स्वप्नात आलास तो तूच काय?" बराच वेळ काहीच पडेना. मग डावी पडली. म्हणजे तो देव नव्हताच. दुसऱ्या प्रश्नाला उजवा कौल मिळाला, की घराण्यातला एक चुलत आजोबा मुंबईत गेला होता आणि त्याचं कार्य नीट झालं नव्हतं, तो देवाच्या रूपात दिसला. मग त्याच्या नावाने वाडी दाखवली. वडिलांना ते स्वप्न पुन्हा पडलं नाही.

संस्कृतवाचक_डोंबिवली

मीनलताई, मी शाळेत संस्कृत शिकवत होतो, आता निवृत्त आहे. आईंच्या स्वप्नाकडे जरा क्रमाने बघू.

आधी रंग. स्वप्नविचारात एक श्लोक फार प्रसिद्ध आहे. पांढरं ते सगळं चांगलं, पण राख, हाडं आणि कापूस सोडून. काळं ते सगळं वाईट, पण गाय, हत्ती, घोडा, ब्राह्मण आणि देव सोडून. मालवणी भाऊंच्या आजींनी अर्धा श्लोक जपला, अपवाद मात्र गळला. बहुतेक घरांत असंच होतं, कारण अर्धी ओळ लक्षात ठेवायला सोपी. काळी गाय या अपवादांत पहिलीच आहे. आपला विठोबा काळा आहे, तो स्वप्नात आला तर कोण घाबरेल?

ज्या काळ्याची खरी भीती सांगितली आहे, त्याचं चित्रच वेगळं असतं. रामायणात त्रिजटेला रावण दिसतो तो मुंडण केलेला, तेलाने माखलेला, गाढवांच्या रथातून दक्षिणेकडे निघालेला. आईंच्या गायीची दिशा, चाल, रूप, कशातही तसलं काही नाही. हळदीची शिंगं म्हणजे पूजलेली गाय.

आता वेळ. पहाटेचं लवकर फळतं हे खरं. अग्निपुराणात पहिल्या प्रहराच्या स्वप्नाला एक वर्ष, दुसऱ्याला 6 महिने, तिसऱ्याला 3 महिने, चौथ्याला पंधरवडा आणि अरुणोदयाच्या वेळच्या स्वप्नाला 10 दिवस दिले आहेत. ब्रह्मवैवर्तात दुसऱ्या प्रहराला 6 च्या जागी 8 महिने आहेत. म्हणजे ग्रंथांतही एकवाक्यता नाही. पण हा हिशेब मुळात जे स्वप्न फळणारं आहे त्याचाच. चिंतेने, आजाराने किंवा दिवसभर मनात घोळलेल्या गोष्टीने पडलेलं स्वप्न निष्फळ, हे त्याच ब्रह्मवैवर्तात आहे. म्हणून एक विचारतो. आई अलीकडे गायीजवळ गेल्या होत्या का?

गिरगावची_मीनल

सर, हो! दर सोमवारी भुलेश्वरला जाते आणि पांजरापोळात गायींना चारा घालते. बाबांचं ठरल्यापासून तर रोजच जातेय. तिथे एक काळी गाय आहे, तिच्या कपाळाला हात लावून नमस्कार करते.

संस्कृतवाचक_डोंबिवली

मग झालं. पांजरापोळ 1834 पासून तिथे आहे, त्यामुळे भुलेश्वर-गिरगावातल्या किती बायकांच्या स्वप्नात ती गाय येत असेल! डोळ्यांनी पाहिलेलं, मनाने मागितलेलं आणि वर नवऱ्याची काळजी. शास्त्राच्याच नियमाने हे स्वप्न फळाच्या यादीतून बाहेर पडतं. आणि यादीत धरायचंच म्हटलं तर ते शुभ आहे. काकूंचा अर्थ दोन्हीकडून टिकत नाही. आईंना हे माझ्या नावाने सांगा.

अंधेरीचा_पराग

माझ्याही बाबतीत असं झालं. परवा इंटरव्ह्यूला निघालो आणि बोरिवली स्टेशनबाहेर गाय वासराला पाजताना दिसली. डावीकडे होती. चांगलं की वाईट? आणि त्याआधी मांजर आडवं गेलं होतं, मग कोणतं धरायचं?

गिरगावची_मीनल

पराग, हा शकुनाचा प्रश्न झाला. इथे झोपेतलं चाललंय. इंटरव्ह्यूसाठी शुभेच्छा.

वैद्य_सायली

संस्कृतवाचक सरांना चरकातून जोड देते. इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार आहेत. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं आणि कल्पिलेलं, हे पाच निष्फळ. सहावं पुढचं सुचवणारं. सातवं दोषज, म्हणजे शरीरात काही बिघडलंय त्यातून आलेलं. ठाण्याच्या माझ्या दवाखान्यात मला या सातव्याचंच काम पडतं.

एक गृहस्थ आले होते. रोज रात्री स्वप्नात पाण्यात बुडत, आणि एक रेडा वरून छातीवर पाय देऊन उभा राही. घरच्यांनी रेडा म्हणजे यम धरला आणि महामृत्युंजयाचा जप बसवला. मी बायकोला विचारलं, झोपेत घोरतात का? म्हणाली, भिंत हादरते, आणि मध्येच श्वास बंद पडल्यासारखं होऊन दचकून उठतात. मी त्यांना झोपेच्या तपासणीला पाठवलं. श्वास खरंच थांबत होता. रात्री लावायचं मशीन आलं आणि महिनाभरात रेडा गेला. जप त्यांनी चालू ठेवला आहे, मी थांबवायला सांगितलं नाही.

एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल, घाम येऊन किंवा गुदमरून जाग येत असेल, तर अर्थ विचारायच्या आधी डॉक्टरला दाखवा. आणि मीनल, आईचं जेवण सुटलंय, त्याकडे आधी बघ. बाबांच्या आधी ती आडवी होईल.

वरळीची_कोळीण

आमच्यात एकवीरा आई स्वप्नात आली की पहिलं आठवायचं, नवस कुठला राहिलाय. माझ्या सासूच्या स्वप्नात ती हिरव्या साडीत आली नि काही न बोलता निघून गेली. सासूला आठवलं, धाकट्याच्या होडीसाठी बोललेली साडी चढवायची राहिलीय. कार्ल्याला जाऊन चढवली. अर्थ लावायला कोणाकडे जावं लागलं नाही.

आणि मुंबईत देवीच्या स्वप्नाची गोष्ट सांगायची तर महालक्ष्मीची सांगायला हवी. हॉर्नबी गव्हर्नर असताना वरळीच्या खाडीला बांध घालत होते, आणि बांधलेलं वाहून जाई. कामावरच्या पाठारे प्रभू इंजिनियरला देवी स्वप्नात आली, मी खाडीत आहे, मला बाहेर काढ. जाळं टाकून मूर्ती काढल्या, मग बांध उभा राहिला आणि देऊळ झालं. आमच्या वाड्यातली म्हातारी सांगायची की ते जाळं आमच्याच माणसांनी टाकलं. लिहिलेलं कुठे आहे का, सर?

संस्कृतवाचक_डोंबिवली

बाई, इंजिनियराच्या स्वप्नाची आणि मूर्तींची आख्यायिका बऱ्याच ठिकाणी छापलेली आहे. जाळं कोणाचं, हे मी वाचलेलं नाही. पण खाडीतून काही काढायचं तर कोळ्यांशिवाय कोण काढणार?

दृष्टांताचं तुम्ही म्हणता ते महत्त्वाचं आहे. पुराणांतल्या याद्यांत देवदर्शन सरसकट शुभ आहे. आपल्याकडे मात्र देव स्वप्नात येतो तो बहुधा काम सांगायला. तुकोबांना गुरुमंत्र स्वप्नात मिळाला, आणि नामदेव पांडुरंगाला घेऊन आले तेही स्वप्नात, कविता करायला सांगण्यासाठी.

नाईट_शिफ्ट_ऐरोली

माझा प्रश्न खरंच अडलेला आहे. मी रात्रपाळीला असतो, सकाळी 8 ला झोपतो आणि दुपारी 3 ला उठतो. स्वप्नात पांढरा साप उजव्या दंडाला चावला. आईच्या मते धनलाभ. पण दुपारच्या स्वप्नाला पहिला प्रहर कुठला आणि पहाट कुठली?

वैद्य_सायली

चरकाच्या हिशेबाने दिवसा पडलेलं स्वप्न निष्फळ. विषय संपला.

संस्कृतवाचक_डोंबिवली

मला तो इतका संपलेला वाटत नाही. पांढऱ्या सापाचा दंश उजव्या हाताला, हे धनलाभाचं लक्षण म्हणून ग्रंथांत आहे, आई बरोबर सांगतात. दिवसा झोपणं तेव्हा आळसाचं किंवा आजाराचं होतं, म्हणून ते स्वप्न बाद. ज्याची रात्रच दिवसा होते त्याचा विचार कोणी केलेला नाही. पहारेकरी तेव्हाही रात्री जागत असतीलच, पण त्यांच्या झोपेचा वेगळा नियम माझ्या वाचनात आला नाही.

वैद्य_सायली

सर, सवलत देत गेलात तर कुठलंही स्वप्न बसवता येईल.

दादरची_सुलभा

आमच्या घरचा नियम सांगते. वाईट स्वप्न पडलं तर उठून बसायचं नाही, पाणी पिऊन, देवाचं नाव घेऊन पुन्हा झोपायचं, आणि सकाळी आंघोळीनंतर गजेंद्रमोक्ष वाचायचा. चांगलं पडलं तर मात्र पुन्हा डोळा लावायचा नाही. सासूबाई चांगलं स्वप्न पडल्यावर उजाडेपर्यंत देवघरापुढे बसून राहायच्या.

संस्कृतवाचक_डोंबिवली

सुलभाताई, हे अगदी ग्रंथाला धरून आहे. एका रात्रीत दोन स्वप्नं पडली तर नंतरचं धरायचं. म्हणून शुभ स्वप्नावर झोपायचं नाही. आणि वाईटानंतर चांगलं पडलं तर फळ चांगलंच, असं चरकही म्हणतो. गजेंद्रमोक्ष दुःस्वप्नाचा नाश करतो हे भागवतातच सांगितलं आहे.

मुलुंडचा_जयंत

यावरून आठवलं. काश्यप गोत्राच्या माणसाला स्वप्न सांगू नये असं म्हणतात. मी काश्यप गोत्री. लग्नानंतर सासऱ्यांनी बायकोला बजावून ठेवलंय, त्यामुळे ती स्वप्न पडलं की माहेरी फोन करते आणि मला कळतं ते दोन दिवसांनी. याला आधार आहे का? आणि ज्याला आपलं गोत्र माहीत नाही त्याचं काश्यपच धरतात, मग अशा माणसाचं काय?

संस्कृतवाचक_डोंबिवली

आधार आहे, ब्रह्मवैवर्तातच. कारण तिथे दिलेलं नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. कोणाच्या घरी याबाबत काही ठरलेलं असेल तर लिहा.