नाइव्ह बेजचा पायाच खोटा, मग फिल्टर चालतो कसा?

रानवारा: स्पॅम फिल्टर लिहितोय. नाइव्ह बेज म्हणतं शब्द स्वतंत्र धरा, पण 'फ्री' आला की मागोमाग 'ऑफर' येतोच ना. गृहीतकच खोटं, मग उत्तरावर विश्वास का ठेवायचा? माझ्या मते फेकून द्यावं हे.

गणिती_काका: सरसकट स्वतंत्र नाही हो, स्पॅमच्या ढिगात स्वतंत्र आणि चांगल्या मेलच्या ढिगात स्वतंत्र, एवढंच. समजा १०० मेल, ४० स्पॅम, ६० चांगले. स्पॅममध्ये 'फ्री' २० मेलमध्ये म्हणजे ०.५, 'ऑफर' १६ मध्ये म्हणजे ०.४. चांगल्यांत दोन्ही शब्द ६-६ मेलमध्ये, म्हणजे ०.१. आता दोन्ही शब्दांचा मेल आला:

```
spam: 0.4 × 0.5 × 0.4 = 0.08
ham:  0.6 × 0.1 × 0.1 = 0.006
0.08 / 0.086 = 0.93
```

९३ टक्के स्पॅम. आणि गंमत बघा, ढीग न करता सगळे १०० एकत्र धरले तर 'फ्री' २६ मेलमध्ये, 'ऑफर' २२ मध्ये, नुसता गुणाकार केला तर जोडी साधारण ६ मेलमध्ये दिसावी, पण हेच मॉडेल ८.६ म्हणतं. म्हणजे जोडी जमते हे त्याला कळतं, फक्त त्याचं कारण ते 'मेल स्पॅम आहे' एवढंच धरतं.

कोडवाला: बरोबर, आणि चूक झाली तरी दोन्ही बाजूंना सारखीच होते, कटून जाते. टेन्शन नॉट.

गणिती_काका: कटून कुठे जाते? माझाच ढीग उघडून जोड्या मोजा. समजा स्पॅममध्ये दोन्ही शब्द खरंतर १५ मेलमध्ये आहेत, मॉडेल ८ धरून बसलंय. चांगल्यांत ५ मेलमध्ये, मॉडेल ०.६ धरतंय. एकीकडे दुप्पट नाही, दुसरीकडे आठपट! खरं उत्तर २० पैकी १५, म्हणजे ७५ टक्के. एकच पुरावा दोनदा मोजला की असं होतं.

रानवारा: म्हणजे मीच बरोबर 😄

कोडवाला: कसलं बरोबर, ७५ काय नि ९३ काय, दोन्ही ५० च्या वर, निकाल स्पॅमच ना!

मीनल_टी: माझं वेगळंच झालेलं, एक शब्द स्पॅममध्ये कधीच आला नव्हता तर अख्खा गुणाकार शून्य, बाकी कितीही घाण असली तरी मेल इनबॉक्समध्ये. हे पण स्वतंत्र धरल्यामुळेच का?

गणिती_काका: नाही, ते मोजणीचं दुखणं. शब्द आला आणि नाही आला, दोन्हीकडे एकेक वाढवा, मग ०/४० चं १/४२ होतं. पण कोडवाले, चांगला मेल हरवू नये म्हणून लोक ५० वर नाही, ९० वर कापतात. तिथे ९३ वाला मेल गेला स्पॅममध्ये, ७५ वाला राहिला असता. लांब मेलमध्ये तर सगळेच आकडे ०.९९ च्या पुढे किंवा शून्याजवळ जाऊन चिकटतात, मधे कोणीच नाही, त्यावरूनच ओळखायचं की एकच पुरावा पुन्हा पुन्हा मोजला जातोय.

रानवारा: मग 'फ्री ऑफर' हा एकच शब्द धरू?

कोडवाला: धर, पण जोड्या वाढल्या की प्रत्येकीचे मेल दोन-तीनच उरतात. मी तर आकड्याकडे बघतच नाही, फक्त क्रम लावतो.

गणिती_काका: क्रमही बिघडतो, एकाच मेलमध्ये तीच गोष्ट पाच शब्दांत सांगितली असेल तर.